गुऱ्हाळाची चिमणी आणि दोन उन्नत कोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात दहावीची शिकवणी घेतो. त्रिकोणमिती आली की मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे प्रश्न दर वर्षी तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. सगळे प्रश्न एकाच गणिताभोवती फिरतात, त्यामुळे आधी ते गणित.

करवीर तालुक्यात एका गुऱ्हाळघराची चिमणी मोजायची आहे. चिमणीच्या बुडापर्यंत जाता येत नाही, कारण मध्ये उसाची कोवळी लावण आहे आणि तिला कालच पाणी पाजलंय. चिमणीच्या दिशेने सरळ जाणारी पाणंद बांधापाशी संपते. पाणंदीत उभ्या असलेल्या मुलीला चिमणीच्या टोकाचा उन्नत कोन ३०° दिसतो. ती ८ मीटर पुढे चालत बांधापर्यंत येते, तिथून तोच कोन ४५° होतो. तिचे डोळे जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर आहेत. जमीन सपाट मानायची आणि √३ = १.७३ घ्यायचं. चिमणीची उंची किती?

दोन ठिकाणांहून कोन का घ्यायचे? एकाने भागत नाही?

बुडापर्यंत टेप लावता आली असती तर एका कोनाने भागलं असतं. अंतर हातात, कोन हातात, tan ने गुणलं की उंची. इथे अंतरच माहीत नाही. एका जागेवरून दिसणारा ४५° चा कोन एवढंच सांगतो की डोळ्यांच्या वरची उंची आणि चिमणीपर्यंतचं अंतर सारखं आहे. ते दोन्ही ५ मीटर असू शकतं, नाहीतर ५० मीटर. अज्ञात राशी दोन असल्या की समीकरणंही दोन लागतात, आणि दुसरं समीकरण दुसऱ्या जागेवरून मिळतं. मोजता येणारी एकच लांबी म्हणजे दोन जागांमधले ८ मीटर.

एका मुलाने विचारलं होतं, "सर, चिखलातनं जाऊन टेप लावली तर चालतंय की?" चालतंय, पण शेताच्या मालकाला आधी विचार म्हटलं.

आकृती कशी काढायची?

अर्ध्या चुका इथेच होतात, म्हणून जरा सावकाश. चिमणी म्हणजे उभी रेघ. तिचं टोक A. आता डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे जमिनीच्या १.५ मीटर वरून, एक आडवी रेघ चिमणीपर्यंत ओढा. ती चिमणीला जिथे मिळते तो B. याच आडव्या रेघेवर बांधावरची जागा C आणि पाणंदीतली, लांबची जागा D. त्रिकोण या आडव्या रेघेवर उभा राहतो, जमिनीवर नाही. उन्नत कोन हा दृष्टिरेषा आणि डोळ्यांच्या पातळीतली क्षितिजसमांतर रेषा यांच्यातला कोन असतो. जमिनीचा त्याच्याशी संबंध नाही.

AB ला h म्हणू आणि BC ला x. मग BD = x + ८. कोन C ला ४५° आणि D ला ३०°. घाईत ३०° जवळच्या बिंदूला लिहिणारा दर वर्षी एकजण तरी निघतोच. जवळ गेलं की मान जास्त वर करावी लागते, एवढं आठवलं की झालं.

पूर्ण उत्तर पायऱ्यांसह दाखवाल का?

काटकोन त्रिकोण ABC मध्ये:

tan ४५° = h / x
१ = h / x
म्हणून x = h

काटकोन त्रिकोण ABD मध्ये:

tan ३०° = h / (x + ८)
१/√३ = h / (h + ८)
h + ८ = √३ h
h(√३ − १) = ८
h = ८ / (√३ − १)

छेदाचं परिमेयीकरण करू. अंश आणि छेद दोन्हींना (√३ + १) ने गुणायचं. छेदात ३ − १ = २ उरतात.

h = ४(√३ + १) = ४ × २.७३ = १०.९२ मीटर

ही डोळ्यांच्या वरची उंची. खालचे १.५ मीटर मिळवले की

चिमणीची उंची = १०.९२ + १.५ = १२.४२ मीटर

फुटांत हे जवळजवळ पावणे एकेचाळीस. गुऱ्हाळाचा मालक जर "चाळीस फुटी चिमणी हाय" म्हणाला, तर आपलं उत्तर गावच्या भाषेत बसतं.

परिमेयीकरण कशाला? सरळ ८ ला ०.७३ ने भागलं तर?

भागा. उत्तर १०.९६ येईल, आणि मैत्रिणीचं १०.९२. दोघींची पद्धत बरोबर असून उत्तरं वेगळी येतात, हे बघून मुलं गोंधळतात.

√३ ची खरी किंमत १.७३२०५… आहे. १.७३ घेताना आपण दोन हजारांशाहून थोडं जास्त टाकून दिलं. १.७३ मधून १ वजा केला की संख्या लहान होऊन ०.७३ राहते, पण टाकून दिलेला तुकडा तेवढाच राहतो, त्यामुळे त्याचं वजन वाढतं. १ मिळवला तर संख्या २.७३ होते आणि त्याच तुकड्याचं वजन घटतं. खरं उत्तर १०.९२८ आहे. बघा, परिमेयीकरणाचं उत्तर त्याच्या जास्त जवळ आहे. म्हणजे √३ छेदात ठेवायचा नाही हा नुसता टापटिपीचा नियम नव्हे.

१.५ मीटर मिळवायचेच का? काही गणितांत मिळवत नाहीत.

निरीक्षकाची उंची प्रश्नात दिली असेल तर मिळवायचे. "जमिनीवरील एका बिंदूपासून" असं लिहिलं असेल तर डोळा जमिनीलाच टेकलाय असं समजायचं, काही मिळवायचं नाही.

प्रत्यक्ष शेतात मात्र जपून. तिथे मिळवायची असते ती चिमणीच्या बुडापासून डोळ्यांपर्यंतची उंची. ती तुमच्या पायापासूनच्या उंचीएवढीच असेल असं नाही. बांध शेतापेक्षा फूटभर उंच असतो आणि चिमणी शेताच्या पातळीवर असते. मग १.५ च्या जागी १.८ मिळवावे लागतात.

पाणंद थोडी उतरती असेल तर किती फरक पडतो?

हा प्रश्न फार थोडे विचारतात, आणि उत्तर ऐकून दचकतात.

समजा पाणंद बांधाकडे उतरत गेली आहे आणि बांधाची जागा पाणंदीतल्या जागेपेक्षा ४० सेंटिमीटर खाली आहे. डोळ्याला हा उतार फारसा जाणवतही नाही. कोन तेच, ३०° आणि ४५°. अंतर आडवं मोजलं, तेही ८ मीटरच. बांधावरच्या डोळ्याच्या वर टोक h उंचीवर आहे, तर पाणंदीतल्या डोळ्याच्या वर ते h − ०.४ एवढंच असणार. म्हणून दुसरं समीकरण बदलतं:

१/√३ = (h − ०.४) / (h + ८)
१.७३h − ०.६९ = h + ८
०.७३h = ८.६९
h = ११.९ मीटर

सपाट धरलं तेव्हा h जवळपास १०.९ होती. चाळीस सेंटिमीटरच्या उताराने उत्तर एका मीटरने हललं, म्हणजे उतारापेक्षा अडीच पट. म्हणून दोन जागांची पातळी तपासल्याशिवाय कोन वाचायला सुरुवात करू नका. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. दोन टोकांना पाण्याची पातळी एकच असते, तिथून जमिनीपर्यंत दोन्हीकडे मोजा आणि फरक काढा.

घरी कोन कसा मोजायचा?

कंपासपेटीतला कोनमापक, सरळ कडेला चिकटवलेली स्ट्रॉ, मध्यबिंदूतून सोडलेला दोरा आणि दोऱ्याला वजन म्हणून एक नट. उद्यमनगरात ओळखीचं कोणी असेल तर नट फुकट मिळतो. स्ट्रॉमधून टोक बघायचं, दोरा थांबू द्यायचा, आणि जोडीदाराने आकडा वाचायचा. बघणाऱ्यानेच वाचायला मान वळवली की स्ट्रॉ हललीच म्हणून समजा.

हा ओळंबा दाखवतो तो दृष्टिरेषा आणि उभी रेषा यांच्यातला कोन. उन्नत कोन मिळवायला तो ९०° मधून वजा करायचा. आमच्या एका गटाने वजाबाकी केलीच नाही. बांधावरून आकडा ४५ आला. ९० वजा ४५ म्हणजे ४५च, त्यामुळे तिथे चूक दिसली नाही. पाणंदीतून दोरा ६० वर थांबला आणि त्यांनी ६०° लिहून टाकले. मग समीकरण सोडवताना h ऋण यायला लागली आणि गट कागदावर चूक शोधत बसला. कागदावरची आकडेमोड ठीकच होती. लांबच्या जागेचा कोन जवळच्यापेक्षा मोठा आला, तिथेच थांबायला हवं होतं. पाठ दाखवून मागे जाताना चिमणी उंच कशी दिसेल?

कोन एका अंशाने चुकला तर?

वरच्या साधनाने एक अंश इकडेतिकडे होणारच. दोरा हलतो, वारा असतो, कोनमापकावरच्या रेघाही जाड असतात. आपल्या गणितात त्याचा परिणाम बघू. यासाठी एक सूत्र सोयीचं आहे. लांबचा कोन α, जवळचा β आणि दोन जागांमधलं अंतर d असेल तर

h = d × sin α × sin β / sin(β − α)

हे नवीन काही नाही, वरची दोन समीकरणं एकत्र केली की हेच मिळतं. छेदात दोन कोनांचा फरक आहे, तिकडे लक्ष द्या. आपला फरक फक्त १५°.

३०° च्या जागी ३१° वाचलं तर h होते १२.०४ मीटर. सव्वा मीटरला थोडी कमी, एवढी चूक एका अंशाने. ४५° च्या जागी ४६° वाचलं तर h होते १०.४४, म्हणजे अर्धा मीटर कमी. लांबच्या जागेवरचा वाचनदोष जवळच्यापेक्षा दुपटीहून जास्त महाग पडतो. आणि दोन्ही चुका उलट दिशेला गेल्या तर उत्तर ९.५ पासून १२.७ पर्यंत कुठेही येऊ शकतं. चाळीस फुटी चिमणी कोणाच्या वहीत छत्तीस फूट होईल आणि कोणाच्या सेहेचाळीस.

म्हणून लांबच्या जागेवरून चार-पाच जणांनी वेगवेगळं वाचून सरासरी घ्या. जवळच्या जागेवरून दोघांनी वाचलं तरी पुरतं. आणि उत्तर "१२.४२ मीटर" असं दशांश चिन्हापुढे दोन घरं देऊन लिहिणं फक्त परीक्षेत शोभतं. शेतातून आल्यावर "सुमारे साडेबारा मीटर, एक-दीड मीटर इकडेतिकडे" म्हणा.

मग उभं कुठे राहायचं? जितकं मागे तितकं चांगलं?

नाही. या पानावरचा माझा सगळ्यात आवडता भाग हा.

फार थोडं मागे गेलात तर दोन कोनांचा फरक लहान होतो आणि चूक फुगते, ते आत्ताच पाहिलं. फार मागे गेलात तर फरक मोठा होतो खरा, पण लांबचा कोन स्वतःच इतका लहान होतो की त्यातला एक अंश त्याचा मोठा हिस्सा ठरतो. आपल्याच चिमणीपासून इतके मागे गेलात की कोन १०° झाला, तर तिथल्या एका अंशाच्या चुकीने h जवळपास १.४ मीटरने बिघडते. आठ मीटरवर उभं असतानापेक्षाही वाईट.

या दोन टोकांच्या मधली चांगली जागा म्हणजे लांबचा कोन जवळच्या कोनाच्या बरोबर निम्मा होतो ती. जवळची जागा ठरलेली असेल तर लांबच्या कोनातली चूक तिथे सगळ्यात कमी फुगते.

आणि या जागेची दुसरी गंमत अशी की तिथे समीकरणंच लागत नाहीत. त्रिकोण ACD बघा. C पाशी बाह्यकोन β आहे. दूरस्थ आंतरकोनांच्या प्रमेयानुसार तो D पाशी असलेला कोन आणि A पाशी असलेला कोन यांच्या बेरजेएवढा. D पाशी β चा निम्मा आहे, म्हणून A पाशीही निम्माच उरतो. दोन कोन सारखे म्हणजे त्रिकोण समद्विभुज, म्हणजे AC = CD. थोडक्यात, बांधापासून चिमणीच्या टोकापर्यंतची हवेतली तिरकी लांबी म्हणजे तुम्ही मागे चाललेलं अंतर! ते टेपने मोजलेलंच आहे. मग

h = d × sin β

आता करून बघू. २२.५° कोनमापकावर वाचणं अवघड, म्हणून बांधावरून पाऊलभर मागे सरकून कोन ४४° येईल अशी जागा धरा. मग कोन २२° होईपर्यंत मागे चालत राहा. टेप लावली की अंतर १५.७३ मीटरच्या आसपास भरेल. sin ४४° = ०.६९५.

h = १५.७३ × ०.६९५ = १०.९३ मीटर

तेच उत्तर, दोन ओळींत. एक अंशाच्या चुकांनी उत्तर आता ९.८ ते १२.३ मध्ये फिरतं. आधीच्या ९.५ ते १२.७ पेक्षा बरं, पण जादू नाही. साधन तेच असल्यावर यापुढे सुधारणा हवी असेल तर जास्त वेळा वाचणं आणि चिमणीच्या जवळ जायला मिळणं, एवढंच हातात आहे. ६०° आणि ३०° ची जोडी याहून बरीच चांगली, पण इथे ६०° ची जागा चिखलात येते.

समुद्रावरचे खलाशी किनाऱ्यावरच्या दीपगृहापासूनचं अंतर काढायला हीच युक्ती आडवी वापरतात. कोन दुप्पट होईपर्यंत जहाज जितकं पुढे गेलं, तितकंच दीपगृह लांब.

दोन निरीक्षक चिमणीच्या दोन बाजूंना असतील तर?

मग वजाबाकीच्या जागी बेरीज. चिमणी मध्ये, दोन्हीकडची अंतरं मिळून d. ४५° आणि ३०° असतील तर h + √३ h = d. बाकी सगळं तसंच.

पाणंद चिमणीच्या दिशेने सरळ जात नसेल तर?

तर हे गणित चालत नाही. D, C आणि चिमणी एका सरळ रेषेत असतील तरच BD = BC + ८ लिहिता येतं. तिरकं चाललात तर चिमणीच्या दिशेने तुम्ही ८ मीटरपेक्षा कमीच पुढे गेलेले असता, आणि उंची फुगून येते. तपासायला सोपं: बांधावर एक काठी रोवा, पाणंदीतल्या जागेवरून काठी आणि चिमणी एकामागे एक दिसतात का पाहा. दिसत नसतील तर मागची जागा बदला.

आपलं साधन बरोबर आहे हे कुठे तपासता येईल?

ज्याची उंची आधीच जाहीर आहे अशा गोष्टीवर. कोल्हापूरकरांना त्यासाठी लांब जायला नको. पोलीस उद्यानातला ध्वजस्तंभ १ मे २०१७ रोजी उभा राहिला, त्याची जाहीर उंची ३०३ फूट, म्हणजे सुमारे ९२.४ मीटर. डोळ्यांची उंची वजा केली की ९०.९ राहतात. तर ४५° चा कोन स्तंभापासून साधारण ९१ मीटरवर यायला हवा आणि ३०° चा साधारण १५७ मीटरवर. दोन जागांमध्ये ६६ ते ६७ मीटर. झाडं आणि इमारती मध्ये येतात, म्हणून हेच दोन कोन धरून बसू नका. टोक स्पष्ट दिसेल अशा कुठल्याही दोन जागा एका रेषेत घ्या आणि उंची काढा. झेंड्याच्या कडेवर नव्हे, खांबाच्या टोकावर नेम धरा, झेंडा वाऱ्याने हलतो.

तुमची उंची दर वेळी एकाच बाजूला चुकत असेल, म्हणजे पाच वेळा मोजून पाचही वेळा जास्तच, तर दोष हाताचा नाही. बहुतेक वेळा स्ट्रॉ कोनमापकाच्या कडेला समांतर चिकटलेली नसते. स्ट्रॉ काढून पुन्हा चिकटवा. कधी जास्त कधी कमी येत असेल तर दोरा थांबायच्या आत कोणीतरी आकडा ओरडतोय.